ताबा दिला की विक्री: बाणेरच्या ३४ फ्लॅटच्या किल्ल्यांचा हिशेब

प्रश्न: मी पुण्यातल्या एका बांधकाम कंपनीत अकाउंट्स बघतो. कंपनी लिस्टेड ग्रुपची असल्याने इंड एएस, म्हणजे भारतीय लेखा मानकं, लागू आहेत. बाणेरच्या प्रोजेक्टमध्ये ६० पैकी ५२ फ्लॅट विकले, तीन वर्षांत ४६ कोटींच्या वर हप्ते जमा झाले, तरी दर वर्षी तोटाच दिसतो. ऑडिटर म्हणतात, ताबा दिल्याशिवाय विक्री धरायची नाही. साहेब म्हणतात, ॲग्रीमेंट रजिस्टर झालं, पैसे आले, अजून काय हवं? १८ मार्च २०२५ ला भोगवटा पत्र आलं. ३४ जणांनी किल्ल्या घेतल्या. ११ जणांचे सगळे पैसे आलेत, पण ते अक्षय्य तृतीयेला येणार. ७ जणांचा शेवटचा हप्ता बाकी आहे. ३१ मार्चला नेमकी किती फ्लॅटची विक्री धरू?

३४ फ्लॅटची धरा. अकरा आणि सात हे दोन्ही गट या वर्षात येत नाहीत, आणि दोघांची कारणं वेगळी आहेत. त्यावर येतेच, पण आधी साहेबांच्या शंकेचं नीट निरसन करायला हवं. ते झालं नाही तर दर मार्चला हाच वाद होईल, आणि शेवटी कोणीतरी दबावाखाली चुकीची नोंद टाकेल. बावीस वर्षं बिल्डरांची पुस्तकं तपासताना मी हे बऱ्याचदा होताना बघितलं आहे.

साहेबांचं म्हणणं कायद्याच्या एका अंगाने बरोबर आहे. ॲग्रीमेंट रजिस्टर झालं, स्टॅम्प ड्यूटी भरली, इंडेक्स टू निघाला, म्हणजे तो फ्लॅट आता दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. पण हिशेबात विक्री धरायला तेवढं पुरत नाही. विक्री कधी धरायची ते सांगणारं मानक, इंड एएस ११५, विचारतं की मालावरचा ताबा, म्हणजे तो वापरण्याचा आणि त्याचा फायदा घेण्याचा हक्क, गिऱ्हाइकाकडे कधी गेला. हा हक्क बांधकाम चालू असताना थोडाथोडा जात असेल, तर विक्रीही थोडीथोडी धरायची. एकदम जात असेल, तर एकदम.

थोडाथोडा जातो असं म्हणण्यासाठी परिच्छेद ३५ मध्ये तीन वाटा दिल्या आहेत. फ्लॅटच्या बाबतीत पहिल्या दोन लागूच होत नाहीत. अर्धवट बांधलेला फ्लॅट गिऱ्हाईक वापरत नाही, आणि बांधकाम चालतं त्या जमिनीवर त्याचं नियंत्रण नसतं. उरते तिसरी वाट, आणि खरा वाद तिथेच असतो. तिच्या दोन अटी आहेत, दोन्ही पुऱ्या व्हायला हव्यात. पहिली अट अशी की तयार होणारी वस्तू बिल्डरला दुसरीकडे वळवता येऊ नये. ती पुरी होते, कारण ४०२ नंबरचा फ्लॅट करारात अडकलेला असतो. दुसरी अट अशी की गिऱ्हाइकाने मध्येच करार मोडला, तरी तोवर झालेल्या कामाची किंमत नफ्यासकट वसूल करण्याचा, कोर्टात टिकेल असा हक्क बिल्डरकडे हवा.

आता तुमचं ॲग्रीमेंट उघडून करार रद्द करण्याचं कलम काढा. महारेराच्या आदर्श करारावरून घेतलेलं असेल तर त्यात साधारण असं लिहिलेलं सापडेल: गिऱ्हाइकाने तीन हप्ते चुकवले तर बिल्डर १५ दिवसांची नोटीस देऊन करार रद्द करू शकतो, आणि ठरलेली नुकसानभरपाई कापून बाकीचे पैसे ३० दिवसांत परत करायचे. म्हणजे सातव्या स्लॅबला करार मोडला तर बिल्डरच्या हातात राहते ती ठरलेली कपात. सात स्लॅबचं काम अधिक त्यावरचा नफा त्याला मिळत नाही. दुसरी अट इथे अडते. शिवाय रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे बिल्डरने वेळेत ताबा दिला नाही, तर गिऱ्हाईक सगळे पैसे व्याजासह परत मागू शकतो. जे पैसे परत करावे लागू शकतात आणि ज्यांच्या बदल्यात अजून काही दिलेलं नाही, ते बिल्डरचं देणं आहे. ताळेबंदात ते 'फ्लॅटधारकांकडून आलेला ॲडव्हान्स' म्हणूनच दिसायला हवेत.

साहेबांना हप्त्यांचं वेळापत्रकही दाखवा. महाराष्ट्रातल्या आदर्श करारात ॲग्रीमेंटनंतर ३० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते, जोतं पूर्ण झाल्यावर ४५ पर्यंत, सगळे स्लॅब पडल्यावर ७० पर्यंत, आणि शेवटचे ५ टक्के ताब्याच्या वेळी. ॲग्रीमेंट होतं तेव्हा जागेवर कित्येकदा नुसता खड्डा असतो, तरी ३० टक्के आलेले असतात. हप्ते हे पैशाच्या सोयीसाठी आखलेले असतात, झालेल्या कामाचं ते माप नाही. तोच घोळ महारेराच्या फॉर्म ३ मुळे होतो. खात्यातून पैसे काढण्यासाठी सीए त्यात खर्चाचं प्रमाण काढून देतो, आणि त्यावर ६२ टक्के दिसले की कोणीतरी म्हणतं, मग विक्रीही ६२ टक्के धरा. ते प्रमाणपत्र ७० टक्क्यांच्या राखीव खात्यातून किती काढता येईल एवढंच सांगतं.

तुमच्या कंपनीतल्या जुन्या माणसांना मात्र 'पूर्वी आपण धरायचो' हे आठवत असेल, आणि ते खोटं नाही. सीएंची संस्था आयसीएआय, तिच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे महत्त्वाच्या परवानग्या, जमीन सोडून २५ टक्के बांधकाम खर्च, २५ टक्के क्षेत्राची विक्री आणि प्रत्येक करारात किमान १० टक्के वसुली, एवढं झालं की कामाच्या प्रमाणात विक्री धरता यायची. ज्या बिल्डरांच्या संस्था एलएलपी किंवा भागीदारी आहेत त्यांना इंड एएस लागू होत नाही, त्यांच्याकडे तो विचार आजही चालतो. म्हणून शेजारच्या साइटचा बिल्डर दर वर्षी नफा दाखवतो आणि तुम्ही तोटा, यात दोघंही बरोबर असू शकता. इंड एएसवाल्या कंपन्यांसाठी १ एप्रिल २०१८ पासून ११५ आलं, आणि तेव्हा अनेक मोठ्या बिल्डरांना आधी धरलेला नफा राखीव निधीतून उलटवावा लागला होता.

आता एका फ्लॅटचा एकच हप्ता जवळून बघू. सोपं जावं म्हणून धरून चालू की सगळे ६० फ्लॅट सारखे, प्रत्येकाची करारातली किंमत ९० लाख, जीएसटी वेगळा. पहिला १० टक्क्यांचा हप्ता ९ लाखांचा. त्यावर ५ टक्के जीएसटी ४५ हजार. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने घेणारा १ टक्का टीडीएस कापतो, म्हणजे ९ हजार. बँकेत येतात ९ लाख ३६ हजार. नोंद अशी पडते: बँक नावे ९,३६,०००, टीडीएस येणे नावे ९,०००, फ्लॅटधारकांचा ॲडव्हान्स जमा ९,००,०००, जीएसटी देणे जमा ४५,०००. विक्रीचं खातं या नोंदीत कुठेच नाही. शेवटच्या हप्त्यापर्यंत हीच नोंद पुन्हा पुन्हा होते आणि ॲडव्हान्स ९० लाखांवर पोचतो.

इथली नेहमीची चूक डिमांड लेटरच्या दिवशी होते. स्लॅब पडला, टॅलीतून डिमांड निघाली, आणि व्हाउचरचा प्रकार 'सेल्स' ठेवलेला असल्यामुळे येणे नावे, विक्री जमा अशी नोंद आपोआप पडली. महिन्याला पाच-पन्नास डिमांड निघतात, कोणाच्या लक्षात येत नाही. मार्चमध्ये विक्रीच्या खात्यात अठरा कोटी दिसतात आणि भोगवटा पत्र तर अजून आलेलंच नसतं. ओळखायची खूण साधी आहे: इमारतीचं भोगवटा पत्र नसताना तिच्या विक्री खात्यात एक रुपयाही असेल, तर व्हाउचरचा प्रकार चुकला आहे. डिमांड पाठवली पण पैसे आले नाहीत, तर ती रक्कम वसुलीच्या तक्त्यात ठेवा. करारानुसार ती देय झालेली असेल आणि ती मागण्याचा बिनशर्त हक्क असेल, तरच ती एकीकडे येणे आणि दुसरीकडे ॲडव्हान्स म्हणून दाखवता येते. तेव्हाही विक्रीला हात लावायचा नाही.

दर वर्षी तोटा का दिसतो, याचं उत्तरही इथेच आहे. जमीन, बांधकाम, महापालिकेचं विकास शुल्क, प्रीमियम, प्रोजेक्टच्या कर्जाचं व्याज हे सगळं चालू कामाच्या साठ्यात जाऊन बसतं आणि ताब्याची वाट बघतं. पण जाहिराती, सॅम्पल फ्लॅट, सेल्स ऑफिसचं भाडं, सेल्स टीमचे पगार, हेड ऑफिसचा खर्च हे साठ्यात टाकता येत नाहीत. ते त्याच वर्षी खर्ची पडतात, आणि समोर विक्री शून्य असते. म्हणून बुकिंग जितकं जोरात, तितका त्या वर्षीचा तोटा मोठा दिसतो. ब्रोकरची दलाली मात्र वेगळी. ती त्या एका करारासाठीच द्यावी लागते, करार झाला नसता तर दिली नसती. म्हणून ती मालमत्तेत धरून ठेवायची आणि त्या फ्लॅटची विक्री धराल त्या दिवशी खर्ची टाकायची. ९० लाखांवर २ टक्के म्हणजे फ्लॅटमागे १ लाख ८० हजार. ही दलाली पहिल्याच वर्षी उडवून टाकल्यामुळे तोटा उगाच फुगलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. तुमच्याकडे तसं झालंय का, ते आधी बघा.

बँकेचा अधिकारी तोटा बघून बिचकत असेल तर त्याला नफा-तोटा पत्रकासोबत एक पानाचा तक्ता द्या. त्यात विकलेले फ्लॅट, करारांची एकूण किंमत, आलेले हप्ते, अजून यायचे हप्ते आणि पूर्ण करायला लागणारा खर्च, एवढं पुरे. प्रोजेक्टची तब्येत त्यावरून कळते.

मात्र ताब्यापर्यंत थांबायचा नियम नफ्यासाठी आहे. साठ्यातला तोटा थांबत नाही. फ्लॅटमागे खर्च ७० लाखांचा ९२ लाख होणार असं आजच दिसत असेल आणि विक्री ९० लाखांना करून बसलात, तर तो फरक आजच खर्ची टाकावा लागतो, ताबा दोन वर्षांनी असला तरी.

आता ३१ मार्च. तुमचे ५२ फ्लॅट तीन गटांत पडतात.

पहिला गट ३४ जणांचा. भोगवटा पत्र आलंय, पूर्ण पैसे आलेत, ताबा पावतीवर सही आहे, किल्ली गेली आहे. यंदा गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी होता, म्हणजे यातल्या बहुतेकांनी त्याच दिवशी कलश ठेवला असणार. परिच्छेद ३८ मध्ये ताबा गेल्याच्या ज्या खुणा सांगितल्या आहेत, म्हणजे पैसे मागण्याचा हक्क, प्रत्यक्ष ताबा, जोखीम आणि फायदा, गिऱ्हाइकाची स्वीकृती, त्या सगळ्या इथे आहेत. मालकी हक्काची खूण तेवढी अर्धी आहे, कारण सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीच्या मालकीचं हस्तांतर, अजून व्हायचं आहे. पण खुणा एकत्र तोलायच्या असतात, आणि कन्व्हेयन्सची वाट बघत बसलो तर पुण्यातल्या कित्येक इमारतींची विक्री वर्षानुवर्षं धरता येणार नाही. बाथरूमची एक टाइल पोकळ वाजते, खिडकीची काच बदलून हवी, अशी किरकोळ कामांची यादी गिऱ्हाइकाने दिली असेल तरी विक्री अडत नाही. त्या कामांचा आणि पाच वर्षांच्या दोष-दुरुस्तीचा अंदाज घेऊन तरतूद करायची.

दुसरा गट अकरा जणांचा, आणि खरा विचार इथे आहे. त्यांचे पूर्ण पैसे आलेत, फ्लॅट तयार आहे, भोगवटा पत्र आहे. ते आले नाहीत ते मुहूर्तासाठी. कंपनीने करायचं ते सगळं केलं, मग विक्री का नाही, असं साहेब विचारतील, आणि हा प्रश्न रास्त आहे. काही कंपन्यांच्या लेखा धोरणात 'ताबा किंवा मानलेला ताबा' असं लिहिलेलं असतं. म्हणजे ताब्याचं पत्र पाठवून करारातली मुदत संपली की गिऱ्हाईक आलं काय आणि न आलं काय, ताबा दिला असं मानायचं. मुदत संपल्यावर मेंटेनन्स त्याच्या माथी लागतो, फ्लॅटची जोखीम त्याची होते, म्हणून हे टिकतं. पण तुमच्या करारातली मुदत बघा. आदर्श करारासारखी ती पत्रानंतर १५ दिवसांची असेल आणि तुमची पत्रं २० मार्चला गेली असतील, तर ती ४ एप्रिलला संपते. पत्रं भोगवटा पत्राच्या दिवशीच, १८ मार्चला, गेली असती तरी २ एप्रिल. म्हणजे मानलेल्या ताब्याचा आधार घेतला तरी हे अकरा फ्लॅट ३१ मार्चच्या अलीकडे येत नाहीत. रेरा कायद्याच्या कलम १९ मध्ये गिऱ्हाइकाने भोगवटा पत्रानंतर दोन महिन्यांत ताबा घ्यावा असं आहे, तीही मुदत मेमध्ये जाते.

करारातली मुदत मार्चमध्येच संपलेली असती, तर मी हे अकरा फ्लॅट मान्य केले असते. अट एवढीच की धोरणात तसं आधीपासून लिहिलेलं असावं आणि दर वर्षी तसंच पाळलेलं असावं. या वर्षी आकडा कमी पडतोय म्हणून धोरणात 'मानलेला' हा शब्द घालणं मी कधी मान्य केलेलं नाही.

तिसरा गट सात जणांचा. यांचा ५ टक्के हप्ता बाकी आहे आणि किल्ली तुमच्याकडे आहे. पैसे आल्याशिवाय तुम्ही किल्ली देणार नाही, म्हणजे ताबा तुमचाच आहे. यांच्यातल्या कोणाला 'फर्निचरसाठी' आत जाऊ दिलं आहे का, ते मात्र साइटवर विचारा. पुण्यात ही पद्धत सर्रास आहे. भोगवटा पत्र येण्याच्या आधी दोन-तीन महिने गिऱ्हाइकाचा सुतार आत काम करत असतो, आणि त्यासाठी दिलेल्या परवानगीच्या पत्राला साइटवाले 'ताबा पत्र' म्हणतात. ती कामापुरती परवानगी आहे. भोगवटा पत्राशिवाय तिथे राहायला जाता येत नाही. अशा पत्रावर विक्री धरलेली मी प्रत्येक वेळी काढायला लावली आहे.

कागद खरा आहे की नाही हे कसं कळतं, ते एका अनुभवावरून सांगते. काही वर्षांपूर्वी कोंढव्याच्या बाजूच्या एका प्रोजेक्टचं ऑडिट करत होते. फाइलमध्ये २२ ताबा पावत्या, सगळ्यांवर २९ मार्च तारीख. सह्या वेगवेगळ्या, पण तारीख सगळीकडे एकाच हाताने आणि एकाच शाईने घातलेली. मी गेटवरच्या केबिनमध्ये जाऊन किल्ल्यांचं रजिस्टर मागितलं. जाड, कोपरे दुमडलेली वही. एप्रिलच्या दोन पानांवर सात नावं, मेच्या पानांवर बारा, जूनमध्ये तीन. प्रत्येक नावापुढे किल्ल्यांची संख्या आणि घेणाऱ्याची सही. मार्चमध्ये एकही नाही. पुढे लिफ्टच्या परवान्याचा कागद निघाला, त्यावर एप्रिलची तारीख होती. अकरा मजली इमारतीत लिफ्ट चालू नसताना २२ कुटुंबांनी एका दिवसात ताबा घेतला, हे पटण्यासारखं नव्हतं. सगळी विक्री पुढच्या वर्षात गेली आणि त्या वर्षीचा नफा जवळजवळ पुसला गेला. तारखा घालणारा माणूस अकाउंट्समधला तरुण मुलगा होता. त्याला वरून सांगितलं होतं आणि नाही म्हणायची सोय नव्हती. त्याचा चेहरा अजून आठवतो, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिते आहे.

तुमच्या ३४ फ्लॅटच्या प्रत्येक फाइलला चार गोष्टी लावा: भोगवटा पत्राची प्रत, ताब्याचं पत्र पोचल्याचा पुरावा, सही आणि तारीख गिऱ्हाइकाच्या हाताने असलेली ताबा पावती, आणि किल्ली रजिस्टरच्या पानाचा फोटो. ऑडिटर हुशार असेल तर मेंटेनन्सची आकारणी कोणत्या तारखेपासून सुरू झाली हेही विचारेल. ती तारीख ताब्याशी जुळायला हवी.

आता आकडे. ३४ गुणिले ९० लाख, विक्री ३० कोटी ६० लाख. खर्चाच्या बाजूला मात्र जपून. समजा तुमच्या प्रोजेक्टचा एकूण खर्च ४२ कोटी आहे, म्हणजे फ्लॅटमागे ७० लाख. पण ३१ मार्चपर्यंत प्रत्यक्षात ४० कोटी ८० लाखच झालेत, कारण करारात कबूल केलेल्या क्लबहाउसचं १ कोटी २० लाखांचं काम उरलंय. जो फक्त आलेली बिलं बघतो तो फ्लॅटमागे ६८ लाख धरतो आणि ३४ फ्लॅटवर ६८ लाखांचा नफा जास्त दाखवतो. पुढच्या वर्षी क्लबहाउसची बिलं आली की तो खर्च उरलेल्या फ्लॅटच्या डोक्यावर बसतो. बरोबर पद्धत अशी की विकलेल्या फ्लॅटच्या वाट्याचा उरलेला खर्च, म्हणजे ३४ गुणिले २ लाख, ६८ लाख, आजच खर्चात धरून देणं दाखवायचं. मग विक्रीचा खर्च २३ कोटी ८० लाख आणि ढोबळ नफा ६ कोटी ८० लाख. त्यातून या ३४ पैकी ब्रोकरमार्फत आलेल्यांची दलाली वजा होईल. साठ्यात २६ फ्लॅट राहतात, प्रत्येकी आजवर झालेल्या ६८ लाखांप्रमाणे १७ कोटी ६८ लाख. आणि ॲडव्हान्समध्ये अकरांचे ९ कोटी ९० लाख अधिक सातांचे ९५ टक्क्यांप्रमाणे ५ कोटी ९८ लाख ५० हजार, मिळून १५ कोटी ८८ लाख ५० हजार. हा आकडा पार्टीवार लेजरशी रुपयापर्यंत जुळला पाहिजे. तुमचे फ्लॅट खरोखर सारखे नसणार, तेव्हा खर्च कार्पेट क्षेत्राच्या प्रमाणात वाटा, आणि जी पद्धत घ्याल ती प्रोजेक्ट संपेपर्यंत बदलू नका.

जीएसटी या सगळ्याची वाट बघत नाही. तो हप्त्याबरोबर भरायचा असतो, म्हणून जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्रातली उलाढाल आणि पुस्तकातली विक्री कधीच जुळणार नाही. पहिल्या दोन वर्षांत तिथे कोट्यवधी आणि इथे शून्य, यंदा इथे ३० कोटी ६० लाख आणि तिथे त्याहून बरंच कमी. दर वर्षी जुळवणीचा तक्ता करून ठेवा, नोटीस आली की तोच उत्तर असतो. ७ जणांचा शेवटचा हप्ता भोगवटा पत्रानंतर आला तरी त्यावर जीएसटी आहे, कारण बुकिंग आणि आधीचे हप्ते त्यापूर्वीचे आहेत. न विकलेले ८ फ्लॅट आता विकलेत आणि त्यांचा पहिला रुपयाही भोगवटा पत्रानंतर आला, तर त्यांच्यावर जीएसटी नाही.

टीडीएसमध्ये नेमका उलटा प्रकार होतो. घेणारा दर हप्त्याला कापत आला, आयकर खात्याच्या २६एएस या टीडीएसच्या पत्रकात तो तीन वर्षांपासून दिसतोय. आयकरातही तुम्ही विक्री ताब्यालाच धरत असाल, तर टीडीएसचं श्रेय त्या उत्पन्नासोबतच घ्यायचं. ३४ फ्लॅटचे मिळून ३० लाख ६० हजार यंदा घ्या, आणि बाकी १८ फ्लॅटचे जवळपास १५ लाख ८८ हजार विवरणपत्रात पुढे ओढा. आधीच्या वर्षी दिसला म्हणून घेऊन टाकला असेल तर 'उत्पन्न दाखवलं नाही, श्रेय मात्र घेतलं' असं पत्र येतं, आणि ते निस्तरायला फ्लॅटवार तक्ता लागतो. तो आजच करा, ५२ ओळींचा आहे.

त्या अकरा जणांची विक्री एप्रिल ते जूनच्या तिमाहीत येईल: ९ कोटी ९० लाख विक्री, २ कोटी २० लाख ढोबळ नफा, दलाली वजा करण्याआधी. धोरणात मानलेला ताबा असेल तर तारीख ४ एप्रिल, नसेल तर ते प्रत्यक्ष येतील ती. ३० एप्रिलला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, साइटवर गर्दी होईल, तेव्हा सेल्सच्या माणसासोबत तुमच्या खात्यातला एक जण केबिनमध्ये बसवा. ताबा पावतीवरची तारीख गिऱ्हाइकालाच घालू द्या, आणि संध्याकाळी किल्ली रजिस्टरच्या त्या दिवसाच्या पानांचे फोटो तुमच्याकडे मागवून घ्या.